घुमटाचा नाद फोनवर का हरवतो, आणि फोनसाठी साउंड लोगो कसा बांधावा

प्रश्न : फोंड्यात आमचा काजू आणि आगळाचा छोटा ब्रँड आहे. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे फोनवरच्या व्हिडिओंतून येते. ओळख म्हणून घुमटावर दोन सेकंदांची धून स्टुडिओत करून घेतली. तिथे ऐकताना अंगावर काटा आला. फोनवर मात्र नुसते 'टक टक' वाजते आणि ही धून आमची आहे हे कुणालाच कळत नाही. आवाज वाढवून भागेल की नव्यानेच करावी?

उत्तर : आवाज वाढवून भागणार नाही. पण केलेले सगळे टाकून द्यायचीही गरज नाही. तुमच्या धुनीत दोन वेगळे दोष आहेत. पहिला, तिचा जीव ज्या पट्टीत आहे ती पट्टी फोन वाजवतच नाही. दुसरा, तिच्यात घुमट आहे, पण तुमचे असे काहीच नाही. पहिला दोष तांत्रिक आहे आणि तो आधी काढावा लागतो, कारण जे ऐकूच येत नाही ते लक्षात राहणार कसे?

घुमटातून दोन आवाज निघतात. मातीच्या भांड्याचे मोठे तोंड कातड्याने मढवलेले असते आणि मागचे लहान तोंड उघडे. उजव्या हाताने कातड्यावर थाप पडते तेव्हा बोटांचा चटका बसतो, तो झाला 'टक'. त्याच वेळी भांड्यातली हवा हलते, डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करतो आणि 'घुम' उमटतो. हा 'घुम' खर्जातला आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. साधारण ४०० हर्ट्‌झच्या खाली तो झपाट्याने कमजोर होत जातो आणि १०० ते १५० च्या आसपास जवळजवळ मुकाच असतो. स्टुडिओतले स्पीकर 'घुम' पुरेपूर वाजवतात, फोन फक्त वरचा चटका वाजवतो. तुम्हाला ऐकू येणारे 'टक टक' म्हणजे घुमटाचा तेवढाच उरलेला भाग.

आता बास वाढवला तर काय होईल? स्पीकर फाटू नये म्हणून बहुतेक फोन आतल्या आत एकूण आवाज दाबतात. ऐकू न येणाऱ्या खर्जाने सगळी जागा खाल्ली की ऐकू येणारा 'टक'सुद्धा बारीक होतो. म्हणून हा उपाय उलटा पडतो.

पुढचे सगळे तुमचे व्हिडिओ कुठे पाहिले जातात यावर थोडे बदलेल. गिऱ्हाईक मुख्यतः रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघत असेल असे धरून लिहितो. दुकानातल्या किंवा स्टॉलवरच्या मोठ्या स्पीकरवरही ती धून वाजवणार असाल तर खर्जासकट दुसरी आवृत्ती ठेवा. ताल आणि सूर मात्र दोन्हींत तेच हवेत.

सगळ्यात आधी आहे त्याच धुनीची चाचणी घ्या. संगणकावर ffmpeg असेल तर ही एक ओळ पुरे :

```
ffmpeg -i dhun.wav -ac 1 -af "highpass=f=400,highpass=f=400,lowpass=f=10000" phone.wav
```

यात डावी-उजवी बाजू एकत्र होते, ४०० हर्ट्‌झच्या खालचे कापले जाते आणि १०,००० च्या वरचेही. highpass दोनदा लिहिले आहे, कारण एकदाच लिहिले तर उतार सौम्य राहतो आणि चाचणी खऱ्या फोनपेक्षा मवाळ होते. Audacity वापरत असाल तर High-Pass Filter मध्ये ४०० आणि २४ डीबीचा उतार घ्या, Low-Pass Filter मध्ये १०,००० आणि १२ डीबीचा, ट्रॅक मोनो करा, काम तेच. ही फाइल अगदी बारीक आवाजात ऐका. जे उरेल तीच तुमच्या गिऱ्हाइकाची धून. इथून पुढे प्रत्येक निर्णय या फाइलवर घ्या, मूळ फाइलवर नको.

चाचणीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. धून रुंद वाटावी म्हणून स्टुडिओत कधीकधी डाव्या आणि उजव्या बाजूला एकमेकांच्या उलट लाटा टाकलेल्या असतात. मोनो केल्यावर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. मोनो केल्याबरोबर एखादे वाद्य गायब झाले किंवा पोकळ वाटू लागले, तर दोष तिथे आहे. साउंड लोगो सरळ मोनोतच बांधा, म्हणजे ही भानगडच राहत नाही.

आता नवी बांधणी. फोनवर टिकणारी खूण कशी असते हे बघायला लांब जायला नको. पदेराचा 'पों पों' आठवा. तो हॉर्न सगळा मधल्या पट्टीत वाजतो, खर्ज नाही, लांबलेली घुमणी नाही. म्हणून तीन घरे पलीकडून आणि भिंतीआडूनही कळतो. आणि तो वाजला की पाव आलेलाच असतो, त्यामुळे त्या आवाजाला अर्थ चिकटला आहे. तोच हॉर्न उसना घेऊ नका, कारण गोव्यात तो ऐकला की माणसाला पावच आठवणार. घ्यायचे ते त्याचे दोन गुण : मधली पट्टी, आणि आवाजामागे दर वेळी तीच वस्तू.

तुमच्यासाठी मी अशी खूण बांधीन. एकूण लांबी १.३ सेकंद. तीन सूर, कारण तीन सूर एका दमात गुणगुणता येतात आणि नाव तीन अक्षरी असेल तर पुढे तेच नाव त्या सुरांवर गाता येते. नाव दोन अक्षरी असेल तर दोनच सूर घ्या, नाव ओढूनताणून बसवू नका. सा ५२३ हर्ट्‌झवर धरा. मग प येतो ७८४ वर आणि ध ८७२ च्या आसपास. क्रम प, ध, आणि खाली सा. सा-प-सा असा सरळ चढता क्रम मी टाळीन, तो एखाद्या अ‍ॅपच्या इशाऱ्यासारखा वाटू शकतो. तिन्ही सूर फोनला नीट वाजवता येतात आणि शेवटी सा वर उतरल्यामुळे वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते.

सुरांहून महत्त्वाचे आहे ते त्यांच्यामधले अंतर. समान अंतरावर तीन ठोके पडले तर ते घड्याळ होते. पहिला ठोका शून्यावर धरला, तर दुसरा १८० मिलिसेकंदांवर आणि तिसरा ५४० वर येऊ द्या, म्हणजे दुसरे अंतर पहिल्याच्या दुप्पट. 'ट-टा… टुम्'. ब्रिटानियाची 'टिंग टिंग टिडिंग' नुसती टेबलावर वाजवली तरी लोक ओळखतात, कारण तिचा ताल एकटाही उभा राहतो. तुमचा ताल बोटांनी टेबलावर वाजवून बघा. सुरांशिवाय तो आंधळा वाटला तर आधी ताल बदला, वाद्ये नंतर.

सुरांसाठी वाद्य कोणते? कासाळे मोहक वाटते, पण ते घेऊ नका. झांजेचा आवाज उंच आणि पसरट असतो, व्हिडिओ दाबला गेला की त्याची फक्त फिसफिस उरते. मातीच्या छोट्या मडक्यावर किंवा लाकडी पट्टीवर लाकडी काठीने मारलेला ठोका चांगला : सुरुवात ठळक, सूर ओळखू येईल इतका, शेपूट आखूड. माणसाचा आवाज त्याहून चांगला. बोलण्यातला अर्थ ज्या पट्टीत असतो ती फोन मुळातच जपतो. शिवाय गायलेले नाव कोकणी, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांना सारखेच पोचते. आवाज नीट लागत असेल तर मी मडके आणि आवाज दोन्ही एकावर एक ठेवीन, आवाज पुढे, मडके मागे.

पहिल्या सुरावर नेमका काजूचे कवच फुटल्याचा 'कट' ठेवा. आपल्याच कारखान्यात, कटरवर, माईक हातभर अंतरावर धरून वीस-पंचवीस काजू फोडा आणि त्यातला सगळ्यात कोरडा आवाज निवडा. पंखा बंद ठेवा, नाहीतर त्याची घरघर प्रत्येक व्हिडिओत जाईल. हा 'कट' दोन हजार हर्ट्‌झच्या वर चमकतो आणि बाजाराच्या कलकलाटातूनही वर येतो. आणि तो तुमच्या मालाचाच आवाज आहे.

आता घुमट, तिसऱ्या सुरावर, सा बरोबर. त्याचा 'घुम' फोन वाजवणार नाही हे मान्य करूनही तो ऐकवता येतो, आणि युक्ती कानाच्या एका सवयीत आहे. जुन्या लँडलाइनवर ३०० हर्ट्‌झच्या खालचे काही येत नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा त्याच्याही खाली असतो. तरी वडिलांचा भारदस्त आवाज भारदस्तच ऐकू यायचा. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपने कानावर पडली की गाळलेला मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो.

घुमटाच्या बाबतीत अडचण अशी की त्याच्या 'घुम'मध्ये या वरच्या पटी फार क्षीण असतात. त्या आपण घालायच्या. घुमटाच्या ट्रॅकची प्रत काढा. मूळ ट्रॅक तसाच ठेवा. प्रतीवर सॅच्युरेशन किंवा सौम्य डिस्टॉर्शन लावा, मग ३०० च्या खालचे आणि १,५०० च्या वरचे कापा, आणि ही प्रत मुळाखाली शून्यापासून हळूहळू वर आणा. ऐकायचे ते चाचणीच्या फिल्टरमधून. एका टप्प्यावर 'टक' चा 'टुम्' होतो. तिथे थांबा. आणखी वर नेले की प्लॅस्टिकची बादली बडवल्यासारखे वाटते, हीच प्रमाण चुकल्याची खूण. शेवटी मूळ ट्रॅकचा खर्ज सहा डीबीने उतरवा, म्हणजे फोनला दाबायला काही उरत नाही.

घुमट सुरातही हवा. समजा तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये 'घुम' ११० हर्ट्‌झवर आहे. भांड्यागणिक तो बदलतो, स्पेक्ट्रम उघडून सगळ्यात डावीकडचा उंच सुळका बघा. त्याला तीन अर्धस्वर वर चढवले की तो १३१ वर येतो. १३१ ची चौपट ५२४, म्हणजे आपला सा, आणि सहापट ७८६, म्हणजे आपला प. घातलेल्या पटी सुरांवर बरोबर बसतात, कानाला एकच भरीव ठोका वाटतो. न जुळवता ठेवला तर घुमट आणि सूर एकमेकांना घासतात. ऐकणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण धून 'लोकल' वाटते.

व्हिडिओत खास घुमट दाखवणार असाल तर कातडे बकरीचे आहे ना एवढे बघून घ्या. पूर्वी घोरपडीचे वापरत, ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली निषिद्ध आहे.

फाइल पक्की करताना सुरुवातीला ५० ते ६० मिलिसेकंद शांतता सोडा. ठोका अगदी पहिल्या क्षणावर असेल तर काही प्लेअर आणि ब्लूटूथ इयरफोन त्याचे टोक गिळतात, आणि तुमचा 'कट' तर तिथेच आहे. शिखर उणे १.५ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, कारण दाबलेल्या फाइलमध्ये शिखरे मूळ फाइलपेक्षा थोडी उंचावतात आणि तडतड येते. मोठेपणा बोलण्याच्या आवाजाइतकाच ठेवा. मीटरवर बघायचे तर ४०० मिलिसेकंदांचे Momentary वाचन घ्या. संपूर्ण फाइलचे सरासरी वाचन एवढ्या आखूड आवाजाला फारसे कामाचे नाही. बोलण्यापेक्षा ठळक खूण लक्ष वेधून घेते असे वाटते, पण शांत खोलीत अचानक मोठा आवाज आला की अंगठा आधी आवाज बंद करतो.

जागा कोणती, यावर माझे ठाम मत आहे : शेवटी नको. आखूड व्हिडिओच्या शेवटापर्यंत बरेच जण थांबत नाहीत, शेवटची पाटी न बघताच वर सरकवतात. अगदी शून्यावरही नको, तिथे मागच्या व्हिडिओतून बोट उचलायचे असते. पहिल्या तीन सेकंदांत जिथे माल पहिल्यांदा दिसतो तिथे ठेवा : कटरची पाती मिटते, कवच फुटते, आणि त्याच चौकटीवर 'कट'. पुढच्या दोन सुरांत गर तळहातावर येतो आणि नाव उमटते. तीस चौकटींच्या व्हिडिओत एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. चूक झालीच तर आवाज एका चौकटीने मागे राहिलेला चालेल, पुढे गेलेला खटकतो. खऱ्या जगात आवाज दृश्याच्या आधी कधीच येत नाही, म्हणून ती चूक कान लगेच पकडतो.

हे दृश्य दर वेळी तेच ठेवा. पुष्कळ लोक व्हिडिओ मुक्याने बघतात. त्यांच्या मनात आधी चित्र बसते, मग एखाद्या दिवशी आवाज सुरू असताना ते चित्र आणि ती खूण जोडली जाते. आगळाच्या व्हिडिओतही खूण हीच वापरा, 'कट' सकट. प्रत्येक मालाला वेगळी धून केली तर एकही बसणार नाही.

खुणेखाली पार्श्वसंगीत वाजू देऊ नका. आधी दोनशे मिलिसेकंद संगीत पूर्ण खाली आणा, खूण संपली की परत वर. लोकप्रिय गाण्यावर ती ठेवली तर गाण्याची पट्टी वेगळी असते आणि तुमचा सा बेसूर ठरतो. एडिटिंग करणाऱ्याला एक सूचना लिहूनच द्या : व्हिडिओचा वेग वाढवायचा असेल तर तो आधी वाढवा, खूण नंतर जोडा. नाहीतर दर व्हिडिओत तिचा वेग, आणि कधीकधी पट्टीही, निराळी होते.

मग खरी परीक्षा. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवा, डॉक्युमेंट म्हणून नको, आणि समोरच्याला तो पुढे धाडायला सांगा. तिसऱ्या फोनवर पोचलेली प्रत ऐका, एकदा स्वस्त फोनवर, एकदा धावत्या कदंब बसमध्ये. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतच असते, म्हणून खर्जावर उभी असलेली खूण तिथे सगळ्यात आधी बुडते.

ओळख तपासायची तर घरच्यांना विचारू नका. बारा ओळखीपाळखीच्या माणसांना आज तीन व्हिडिओ दाखवा, धुनीबद्दल अवाक्षर काढू नका. उद्या त्यांना चार आखूड धुना ऐकवा, त्यातली एक तुमची, आणि कालच्या व्हिडिओत कोणती होती ते विचारा. नुसत्या अंदाजानेही बारांतले तीन बरोबर येतील. आठ किंवा जास्त आले तर खूण बसते आहे. चार-पाच आले तर आधी ताल बदलून पुन्हा करा. या परीक्षेला चवथीचे दिवस टाळा, घरोघरी घुमट आरती चालू असताना घुमटाची कुठलीही धून वेगळी उठून दिसत नाही.

यातूनच तुमचा दुसरा दोष समजेल. घुमट २०१९ पासून गोव्याचे वारसा वाद्य आहे, ते सगळ्यांचे आहे आणि एकट्या ब्रँडचे होऊ शकत नाही. तुमचे होऊ शकते ते एवढेच : हे तीन सूर, ही अंतरे, हा 'कट', हे नाव. त्याचा हक्क कागदावर घ्या. रचनाकार, घुमटवादक, गायिका आणि स्टुडिओ, सगळ्यांकडून लेखी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा काजू बाहेरदेशी जात असेल तर दोन्ही शब्द नीट घाला. ट्रेडमार्क करायचा असेल तर २०१७ च्या नियमांनुसार ध्वनीची ३० सेकंदांपेक्षा मोठी नसलेली एमपी३ आणि सोबत स्वरलिपी द्यावी लागते. तीन सूर लिहून काढणे अवघड नाही. मात्र इंटरनेटवरून उतरवलेला तयार सॅम्पल त्यात असेल तर अडचण आहे, तोच आवाज उद्या दुसऱ्या कुणाच्याही जाहिरातीत वाजू शकतो.

आता तुमच्या हातातले पहिले काम. स्टुडिओकडून तयार धून नको, घुमटाचा सुटा ट्रॅक मागा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, त्यावर इको किंवा रिव्हर्ब नसलेला. तो मिळाला तर वादकाला पुन्हा बोलवायची गरज नाही. नाही मिळाला तर पुन्हा रेकॉर्ड करताना एक माईक कातड्यापासून वीतभर आणि दुसरा मागच्या तोंडाशी, थोडा तिरका ठेवा म्हणजे हवेचा झोत थेट आत जाणार नाही. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. पुढच्या माईकमधून 'टक' येईल, मागच्यातून 'घुम', आणि वरच्या पटी घालायच्या त्या फक्त मागच्यावर.